रात्री बारापर्यंतची सवलत आणि कार्टमधले सहा कोर्स

*मी ऑपरेशन्समध्ये काम करते. दर सोमवारी चार शाखांकडून आलेल्या एक्सेल फाइली एकत्र करून रिपोर्ट बनवण्यात माझे तीन तास जातात. डेटाचं काम नीट शिकायचं म्हणून नवीन वर्षाच्या सेलमध्ये सहा कोर्स कार्टमध्ये टाकलेत: पायथॉन (४० तास), एसक्यूएल (२२), पॉवर बीआय (१७), प्रोजेक्ट मॅनेजमेंट (१२), प्रेझेंटेशन (६) आणि वेळेचं नियोजन (५). सगळ्यांवर भरघोस सूट आहे. शिवाय वर्षभराच्या सबस्क्रिप्शनवर ४० टक्के सूट दिसतेय, म्हणजे सगळेच कोर्स खुले. गेल्या जानेवारीत घेतलेले दोन कोर्स १०-१५ टक्क्यांवर अडकलेत, पण यंदा रोज तासभर काढायचाच, असं ठरवलंय. ऑफर आज रात्री बाराला संपते. सहा कोर्स घेऊ की सबस्क्रिप्शन?*

*— वेळेच्या ओढाताणीतली एक वाचक*

दोन्ही नको. का नको, हे मात्र तुमच्याच आकड्यांवरून पाहू.

‘रोज तासभर’ हा आकडा तुम्ही येणाऱ्या वर्षाकडे बघून काढलाय. तो मागच्या चार आठवड्यांकडे बघून काढा. कॅलेंडर उघडा आणि कामाच्या दिवसांत सलग ४० मिनिटं, फोन बाजूला ठेवून बसता आलं असतं अशा किती वेळा होत्या, त्यावर खुणा करा. रात्री अकरानंतरच्या धरू नका. नोकरी करणाऱ्या माणसाला साधारण आठवड्याला अशा तीन बैठका मिळतात. तुमच्या पाच निघाल्या तर आनंदच आहे, पण तूर्त तीनच धरू. म्हणजे आठवड्याला १२० मिनिटं. प्रत्येक बैठकीतली पहिली सहा-सात मिनिटं ‘मागच्या वेळी कुठे होतो, ती फाइल कुठे ठेवली’ यात जातात. उरली शंभर.

आता कोर्सवर लिहिलेले तास. ते निव्वळ व्हिडिओचे असतात. हाताने करून शिकायच्या विषयात दहा मिनिटांच्या व्हिडिओला पंचवीस मिनिटं सहज लागतात: थांबवायचं, स्वतः करून बघायचं, चुकलं की मागे जायचं, सराव सोडवायचा. दीडपट वेगाने बघून हे वाचत नाही. वेगाने फक्त शिकवणाऱ्याचं बोलणं आखडतं, तुमच्या बोटांचा वेग तोच राहतो. उलट प्रेझेंटेशन किंवा प्रोजेक्ट मॅनेजमेंटसारख्या ऐकण्याच्या कोर्सला व्हिडिओच्या सव्वापट वेळ पुरतो आणि तिथे वेग वाढवला तरी चालतं.

हा हिशेब तुमच्या कार्टला लावू. पायथॉन, एसक्यूएल आणि पॉवर बीआय मिळून ७९ तासांचा व्हिडिओ. अडीचपटीने आठवड्याच्या शंभर मिनिटांत ४० मिनिटांचा व्हिडिओ उरकतो, म्हणून या तिघांना जवळजवळ ११९ आठवडे लागतील. उरलेल्या तीन कोर्सना सतरा. एकूण १३६ आठवडे, म्हणजे एकही आठवडा न चुकता अडीच वर्षांहून जास्त. एकट्या पायथॉनलाच साठ आठवडे हवेत, तो पुढच्या जानेवारीतही संपलेला नसेल. (वेळेच्या नियोजनाचा कोर्स मात्र आत्ताच काढून टाका. त्यातला उपयोगाचा भाग म्हणजे वरची बेरीज, ती झाली.)

एक आकडा इथे सांगण्यासारखा आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या ऑनलाइन कोर्सेसच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. नाव नोंदवलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्स एकदाही उघडला नव्हता. त्यातले बरेच फुकटात नाव नोंदवणारे होते, हे खरं. पण प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्येही २०१७-१८ साली कोर्स पूर्ण करणारे निम्म्याहून कमीच होते. तेव्हा तुमचे दोन कोर्स अडकले यात तुमच्या स्वभावाचा दोष शोधू नका. ते नेमके कुठे अडकले ते मात्र बघा. टेक्निकल कोर्समध्ये १०-१५ टक्क्यांचा टप्पा बहुतेक वेळा एकाच जागी येतो: ओळख-परिचयाचे व्हिडिओ संपतात आणि सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून पहिला सराव सोडवायचा असतो तिथे. तोवर सोफ्यावर बसून बघता येतं. पुढे लॅपटॉप, सरावाच्या फाइली आणि कधीकधी ऑफिसच्या मशीनवर इन्स्टॉल करायची परवानगी लागते. तुमचंही तिथेच थांबलं असेल, तर नवा कोर्सही तिथेच थांबेल. विकत घेण्याआधी ते सॉफ्टवेअर मशीनवर चालतंय की नाही, एवढं करून बघा.

आता रात्री बाराचं. वेगवेगळे कोर्स सुटे विकणाऱ्या युडेमीसारख्या प्लॅटफॉर्मवर सेल वर्षभर येत-जात असतात. तिथली खोडलेली मूळ किंमत कितीजण प्रत्यक्षात मोजतात हा प्रश्नच आहे, म्हणून सवलतीचे टक्के त्या किमतीवरून मोजण्यात अर्थ नाही. मोजायचंच असेल तर ‘सेल नसताना मी हा कोर्स घेतला असता का’ यावर मोजा. घड्याळ खरं आहे का हे तपासायलाही सोपं आहे. तेच पान ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोमध्ये, लॉगिन न करता उघडा. तिथे वेळ वेगळी दिसली किंवा नव्याने मोजायला लागली, तर ते घड्याळ तुमच्यासाठी लावलेलं आहे, सेलसाठी नाही. कोर्स कार्टमधून विशलिस्टमध्ये हलवून ठेवले की यादी हरवत नाही, आणि पुढचा सेल लागला की बहुतेक प्लॅटफॉर्म स्वतःच ईमेल पाठवून कळवतात. त्या बाबतीत ते भारी तत्पर असतात.

वार्षिक सबस्क्रिप्शनची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यावरची मोठी सूट रोज नसते, त्यामुळे ‘पुन्हा मिळणार नाही’ ही भीती तिथे अगदीच खोटी नाही. पण ते परवडतं का, हे दोन भागाकारांवर कळतं. पहिला: सवलतीची वार्षिक रक्कम भागिले त्याच प्लॅटफॉर्मची एका महिन्याची रक्कम. उत्तर समजा साडेपाच आलं. मग प्रश्न इतकाच, की वर्षातल्या सहा किंवा जास्त महिन्यांत तुम्ही खरंच लॉगिन करून शिकणार आहात का? दुसरा: तीच रक्कम भागिले सेलमधल्या एका सुट्या कोर्सची किंमत. तिथे उत्तर सहा आलं, तर वर्षात सहा कोर्स झाल्याशिवाय सुटे घेण्यापेक्षा फायदा नाही. आजारपण, दौरे, वर्षअखेरीची धावपळ वगळून ४४ आठवडे धरले तर तुमच्या हातून वर्षाला सुमारे २९ तासांचा टेक्निकल व्हिडिओ होईल. म्हणजे एक मोठा कोर्स, फार तर सोबत एक छोटा. हजारो कोर्स खुले असण्याचा उपयोग तुम्हाला नाही, उलट पहिल्याचा कंटाळा आला की दुसरा उघडायची सोय तेवढी होते.

सबस्क्रिप्शन कुणी घ्यावं? ज्यांना एकाच विषयाचा तीन-चार महिन्यांचा, अनेक कोर्स मिळून बनलेला प्रमाणपत्र कार्यक्रम करायचाय आणि ज्यांच्या कामाचा मंदीचा काळ ठरलेला आहे, त्यांनी. आणि तेही शक्यतो महिन्याचं, त्या काळापुरतं. दोन नोकऱ्यांच्या मधले मोकळे सहा आठवडे हे त्याचं उत्तम उदाहरण.

घेतलंच तर एक गोष्ट त्याच दिवशी करा. सवलत साधारणपणे पहिल्या वर्षापुरती असते आणि नूतनीकरण आपोआप, पूर्ण दराने होतं. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रिन्युअल लगेच बंद करा. पैसे भरलेलं वर्ष बहुतेक ठिकाणी तरीही पूर्ण वापरता येतं, फक्त बंद करताना ‘अमुक तारखेपर्यंत ॲक्सेस राहील’ अशी ओळ दिसते का ते वाचा. मोफत चाचणीच्या काळात मात्र काही ठिकाणी रद्द करताक्षणी दार बंद होतं. तिथे संपण्याच्या दोन दिवस आधीचं रिमाइंडर लावणं बरं.

एवढं पैशांचं झालं. पण तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट सेलमध्ये नाही, ती सोमवारच्या तीन तासांत आहे. तुम्ही ‘डेटाचं काम शिकायचंय’ म्हणताय आणि त्यासाठी विषयांची नावं गोळा केलीत. त्याऐवजी एक काम धरा: चार फाइली एकत्र करणं. त्याला पायथॉन लागत नाही. एसक्यूएलही लागत नाही, कारण तुमच्याकडे येतात त्या फाइली, डेटाबेस नाही. लागतं ते पॉवर क्वेरी हे डेटा आणून जोडायचं साधन, आणि ते विंडोजवरच्या एक्सेल २०१६पासून एक्सेलमध्येच आहे. वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही, परवानगी मागायची नाही.

आजच्या एक्सेलमध्ये हे काम कसं असतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे कोर्समध्ये काय शोधायचं ते कळेल. चारही फाइली एका फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि तिथे दुसरं काही ठेवायचं नाही. नव्या वर्कबुकमध्ये `Data > Get Data > From File > From Folder` असं जाऊन तो फोल्डर दाखवायचा, मग `Combine & Transform Data`. एक्सेल एक नमुना फाइल धरतं, तिच्यावर केलेल्या पायऱ्या बाकीच्या तिन्हींवर लावतं आणि एकच लांब तक्ता देतं. नको असलेले कॉलम काढणं, तारखा नीट करणं हे एकदाच करायचं. पुढच्या सोमवारी जुन्या फाइलींच्या जागी नव्या टाकल्या की `Refresh All`.

पहिल्या प्रयत्नात हे बहुधा फसेल, आणि दोनपैकी एका कारणाने फसेल. एक: कुठल्यातरी शाखेने शीटचं नाव बदललेलं असतं. तेव्हा `The key didn't match any rows in the table` असा संदेश येतो. दोन: कुणीतरी कॉलमचं शीर्षक बदललेलं असतं, ‘रक्कम’चं ‘एकूण रक्कम’ केलेलं असतं. इथे धोका जास्त, कारण प्रत्येक वेळी संदेश येईलच असं नाही. त्या शाखेचा कॉलम गुपचूप रिकामा येतो आणि बेरीज कमी भरते. म्हणून पहिले काही आठवडे चारही शाखांच्या बेरजा हाताने पडताळून बघाव्या लागतात. चांगला शिकवणारा ओळखायची खूण हीच: तो फाइली बिघडवून दाखवतो. सगळं पहिल्या फटक्यात जुळणाऱ्या आयत्या फाइलींवर शिकवणारा कोर्स बघायला छान वाटतो, पण सोमवारी कामाला येत नाही.

तेव्हा कार्टमधल्या पॉवर बीआयच्या कोर्सची अनुक्रमणिका उघडा. पॉवर क्वेरी पॉवर बीआयमध्येही तीच आहे, त्यामुळे १७ तासांपैकी डेटा आणणं आणि साफ करणं हा विभाग किती तासांचा आहे ते बघा. चार-पाच तासांचा असेल आणि त्यात फोल्डरमधून फाइली जोडणं असेल, तर हा एक कोर्स घ्यायला हरकत नाही. नसेल तर फक्त एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीवरचा पाच-सहा तासांचा छोटा कोर्स शोधा. मोफतचे व्हिडिओ दोन-चार बघून ती पद्धत आधी एकदा चालवून बघितलीत तर आणखी उत्तम, मग कदाचित काहीच घ्यावं लागणार नाही.

निवडताना पाच ताऱ्यांची परीक्षणं सोडून द्या, ती बऱ्याचदा पहिल्या तासाभरातच लिहिलेली असतात. दोन आणि तीन ताऱ्यांची, गेल्या सहा महिन्यांतली वाचा. ‘सरावाच्या फाइली उघडत नाहीत’, ‘स्क्रीन आता वेगळी दिसते’, ‘प्रश्नांना उत्तर मिळत नाही’ अशा तक्रारी दोनदा दिसल्या की पुढे जा. शेवटचं अद्ययावत कधी केलं तेही बघा. पॉवर बीआय डेस्कटॉपची नवी आवृत्ती जवळजवळ दर महिन्याला येते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतली बटणं जागेवर सापडत नाहीत. याच कारणाने असा कोर्स ‘पुढे बघू’ म्हणून स्वस्तात घेऊन ठेवणं तोट्याचं. ‘लाइफटाइम ॲक्सेस’चा अर्थही कोर्स प्लॅटफॉर्मवर असेपर्यंत इतकाच असतो. साठवून ठेवायचाच हट्ट असेल तर एसक्यूएल त्यातल्या त्यात टिकाऊ, कारण `SELECT`, `JOIN`, `GROUP BY` कित्येक दशकांत फारसे बदललेले नाहीत. पण तो घेण्याआधी आयटीला विचारा, की तुम्हाला कंपनीच्या डेटाबेसचा फक्त वाचण्यापुरता ॲक्सेस मिळेल का. ‘नाही’ म्हणाले तर ऑफिसात सराव कशावर करणार?

पैसे भरण्यापूर्वी आणखी एकाला विचारायचं, ते म्हणजे एचआर. पुष्कळ कंपन्यांत प्रशिक्षणासाठी रक्कम राखून ठेवलेली असते आणि ती मागायला कुणी जात नाही. सोमवारचे तीन तास वाचवणारा कोर्स हे मंजुरीसाठी चांगलं कारण आहे. मात्र मंजुरी बहुधा खरेदीच्या आधी लागते आणि बिलावर कंपनीचं नाव हवं असतं. रात्री बाराच्या घाईत स्वतःच्या कार्डावर घेतलेला कोर्स नंतर त्यात बसवणं कठीण जातं. पुढचा सेल येईपर्यंत मंजुरी हातात असेल.

घेतलात तर परतीच्या मुदतीचा वापर करा, ती नुसती दिलासा म्हणून नसते. युडेमीवर पात्र कोर्सना ३० दिवस मिळतात, पण कोर्सचा मोठा भाग बघून झाला असेल किंवा डाउनलोड केला असेल तर परतावा नाकारला जाऊ शकतो. कोर्सेरा प्लसच्या वार्षिक सबस्क्रिप्शनला १४ दिवस आहेत. दोन्हीकडे शक्यतो वेबसाइटवरून पैसे भरा. फोनच्या ॲपमधून घेतलं तर परताव्यासाठी ॲप स्टोअरच्या नियमांकडे जावं लागू शकतं आणि मधे भलताच वेळ जातो.

खरेदीच्या दिवशीच कॅलेंडरमध्ये दहाव्या दिवसाची नोंद करा. दहा दिवसांत तुमच्या चार बैठका होतील, म्हणजे पाऊण-एक तासाचा व्हिडिओ. त्या पहिल्यापासून क्रमाने बघण्यात घालवू नका. थेट फाइली जोडण्याच्या विभागावर जा आणि सराव आयत्या फाइलींवर नाही, गेल्या सोमवारच्या तुमच्याच चार फाइलींवर करा, मूळ फाइलींची कॉपी करून. दहाव्या दिवशी चारही शाखा एका तक्त्यात आल्या असतील तर कोर्स ठेवा, आणि उरलेले बारा तास बघितले नाहीत तरी चालेल. आल्या नसतील आणि अडचण शिकवण्यात असेल तर परताव्याचा अर्ज त्याच दिवशी करा. अडचण बैठकाच न होण्यात असेल, तरीसुद्धा करा.